मोतीची क्रोशे बाहुली: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमचा मोती फेब्रुवारीत गेला. गावठीच कुत्रा, तपकिरी, कपाळावर पांढरा पट्टा आणि डावा कान अर्धा मोडलेला. पहाटे पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की तो उजवा कान तेवढा ताठ करायचा. चार वर्षांची लेक रोज त्याला शोधत सोप्यावर जाऊन बसायची, म्हणून फोंड्याच्या एका ताईंकडून फोटोवरून त्याची वीतभर उंच बाहुली विणून घेतली. किंमत 1,800 रुपये. मार्चपासून ती लेकीच्या हातात आहे, म्हणजे डिचोलीचा अख्खा पावसाळा तिने बघितला आहे.

आधी फोटोंबद्दल सांगते, कारण साम्य तिथेच ठरतं. मी पाठवलेले पहिले फोटो मोबाइल नाकाशी धरून वरून काढलेले होते. ताईंनी ते परतच केले. इतक्या जवळून नाक फुगतं आणि पाय आखूड दिसतात, असं त्या म्हणाल्या. मग अंगणात सात-आठ फुटांवरून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेले जुने फोटो शोधले: समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक. रंगासाठी त्यांनी दिवसाउजेडातलाच फोटो घेतला. ट्यूबलाइटखालच्या फोटोत तोच मोती करडा दिसत होता.

अंग सगळं मुक्या खांबांचं, म्हणजे क्रोशेच्या आखूड, घट्ट टाक्यांचं आहे, गोल गोल विणत नेलेलं. लोकर ॲक्रिलिकची आणि सुई मुद्दाम बारीक, 2.5 मिमीची, म्हणजे वीण घट्ट बसते. घेताना बाहुली दोन बोटांनी ताणून उजेडात धरा. टाक्यांमधून आतलं पांढरं फायबर डोकावलं तर वीण सैल आहे. आमच्याकडे आठ महिन्यांनीही पाठीवर काही दिसत नाही, फक्त मांडीवर, जिथे भरण जास्त झालंय, तिथे थोडं दिसतं.

सगळ्यात अवघड काम कपाळावरच्या पट्ट्याचं निघालं. गोल विणताना प्रत्येक फेरीत टाका किंचित उजवीकडे सरकतो, त्यामुळे एकावर एक त्याच टाक्यावर रंग बदलत गेलं तरी उभी रेघ तिरकी होते. ताईंनी अर्ध्यावर पाठवलेल्या फोटोत पट्टा सरळ उजव्या डोळ्यावर चालला होता. मी सांगितल्यावर त्यांनी डोकं उसवलं आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी रंगबदल एक टाका डावीकडे घेत पुन्हा विणलं. पट्टा आता नाकाच्या बरोब्बर वर येतो. हा पट्टा फेल्टचा कापून चिकटवला असता तर स्वस्तात झालं असतं, पण छातीवरचा ठिपका तसा फेल्टचा आहे आणि त्याच्या कडा जुलैतच सुटल्या. डाग विणीतच हवेत, हे आता मी ठामपणे सांगेन.

मोडका कान वेगळा विणून, दुमडून, दुमडीच्या आत दोन टाके घेऊन बसवलाय. अजून जागचा हललेला नाही. लेक झोपताना तोच कान चिमटीत धरते.

मान मात्र कमी पडली. डोकं सर्वांत रुंद जागी 48 टाक्यांचं आणि मान 18 टाक्यांची. मूल बाहुली मानेलाच धरून फिरवतं. आतलं फायबर दबलं, डोकं कलंडलं आणि चवथीच्या गडबडीत मागची शिवण दोन बोटं उसवली. मी फायबर ठासून भरलं आणि शिवणीच्या दोन फेऱ्या मारल्या, तेव्हापासून डोकं ताठ आहे. पुन्हा करवली तर मान 24 टाक्यांची मागेन.

धुण्यात चूक माझी झाली. जूनमध्ये भाताची पेज सांडली म्हणून मी बाहुली पूर्ण भिजवली. लोकर दुसऱ्या दिवशी हाताला कोरडी लागली, पण आतलं फायबर ओलंच होतं. चौथ्या दिवशी कुबट वास आला. शेवटी पोटाची शिवण उघडून भरण बाहेर काढलं, पंख्याखाली वाळवलं आणि परत भरलं. त्यानंतर पावसाळ्यात फक्त ओल्या फडक्याने पुसलं. ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर कोमट पाण्यात धुतली, न पिळता टॉवेलमध्ये दाबली आणि जाळीवर आडवी ठेवली. इस्त्री किंवा गरम हवा लावू नका, ॲक्रिलिक उष्णतेने कायमचं लुळं पडतं.

डोळे प्लॅस्टिकचे, आतून वॉशर लावलेले आहेत. ते निघाले नाहीत, तरी नणंदेचं दहा महिन्यांचं बाळ आलं की बाहुली कपाटात जाते. वॉशर सुटला नाही तरी ताणलेल्या टाक्यातून अख्खा डोळा बाहेर येऊ शकतो. तीन वर्षांखालच्या मुलासाठी डोळे दोऱ्याने भरूनच घ्या.

पोटावर लोकरीच्या गोळ्या आल्यात, त्या मी कात्रीने अलगद कापते. ताईंनी उरलेली तपकिरी लोकर पिशवीत घालून दिली होती, ती न विसरता मागून घ्या. त्याच शेडची दुसऱ्या लॉटची लोकर जुळेलच असं नाही. मानेची आणि पोटाची शिवण त्यातूनच झाली. अजून दोनेक मीटर शिल्लक आहे.