हप्ते ४८ भरले, मशीन मात्र त्यांचंच

खोदकामाचं मशीन, बॅकहो लोडर, घेताना एजंट एकच वाक्य घोळवत होता: "चार वर्षं हप्ते भरा, पाचव्या वर्षी मशीन तुमचं." हे भाडे-खरेदीचं, म्हणजे एचपीचं वर्णन आहे. कागद मात्र लीजचा, म्हणजे नुसत्या भाड्याचा निघाला. करार ३४ पानी इंग्रजीत, सह्या डीलरच्या काउंटरवर, आणि बाहेर ट्रेलर उभा. अशा वेळी कोण पान अन् पान वाचतं ते सांगा.

आकडे असे. मशीनची किंमत ३०,००,००० अधिक १८ टक्के जीएसटी. सुरुवातीला भरलेले ६,००,००० आम्हाला डाउन पेमेंट म्हणून सांगितले, करारात ती 'सिक्युरिटी डिपॉझिट' होती. महिना ७२,००० आणि त्यावर जीएसटी १२,९६०. उरलेल्या २४ लाखांवर ४८ हप्त्यांत ३४,५६,००० गेले. एजंटचा '११ टक्के फ्लॅट' घटत्या शिलकीवर मोजला तर सुमारे १९ टक्के पडतो. पण तो मुद्दा दुय्यम.

खरी मेख जीएसटीत होती. एचपी कायद्याने मालाची विक्री धरली जाते, म्हणून ३० लाखांवरचा ५,४०,००० कर सुरुवातीलाच एकरकमी लागतो. लीज ही सेवा, तिच्यात दर महिन्याच्या भाड्यावर कर बसतो. "जीएसटी एकदम भरायची कटकट नाही, हप्त्यातच येईल," असं एजंट म्हणाला तेव्हा आम्ही खूश झालो. तिथेच कान टवकारायला हवे होते! मग पहिलंच बिल आलं. त्यावर ९९७३ ने सुरू होणारा सेवा-कोड, म्हणजे भाड्याचा, आणि वर 'रेंटल' असा शब्द. पुढचं प्रत्येक बिल तेच सांगत होतं. तुमच्या बिलावर हे दिसत असेल तर आजच करार काढून बघा.

आरसी आमच्या नावावर होती, हे आमचं समाधान. तेही पोकळ. मोटार वाहन कायद्यात लीजवर वाहन ताब्यात असणाऱ्यालाही 'मालक' म्हणतात, पण ते त्या कायद्यापुरतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आयसीडीएस प्रकरणात सांगितलंय की आरसी भाडेकरूच्या नावावर असली तरी लीज देणारी कंपनीच मालक, आणि घसारा तिचाच. आरसीवर नाव कोणाचं यापेक्षा खालची नोंद 'हायर पर्चेस' आहे, 'लीज' आहे की 'हायपोथिकेशन', म्हणजे कर्जाचा बोजा, ते पाहा.

लीजमध्ये आयकर वाचतो, हा एजंटचा दावा मात्र खोटा नव्हता, म्हणूनच तो पटला. लीजमध्ये ३४,५६,००० चं सगळं भाडं खर्चात जातं. एचपीत १५ टक्के दराने चार वर्षांचा घसारा सुमारे १४,३४,००० आणि व्याज १०,५६,०००, मिळून २४,९०,०००. म्हणजे लीजमध्ये ९,६६,००० ची वजावट जास्त, ३० टक्के कर धरला तर २,९०,००० वाचले. पण एचपीत चार वर्षांनंतर वहीत १५,६६,००० चं स्वतःचं मशीन उरतं, लीजमध्ये शून्य. शिवाय मशीन चोरीला गेलं किंवा बंद पडलं तरी भाडं चालूच, असं आमच्या करारातलं कलम होतं. दुरुस्ती आमची, विम्याचा दावा आधी त्यांचा.

४८ वा हप्ता भरल्यावर पत्र आलं: मशीन परत करा, नाहीतर 'कंपनी ठरवील त्या बाजारभावाने' घ्या. भाव ९,५०,००० अधिक जीएसटी १,७१,०००. डिपॉझिटमधून टायर आणि बकेटच्या झिजेपोटी १,८५,००० कापले. मशीन ठेवायचं तर आणखी ७,०६,००० भरा! बाजारभाव ठरवणार कोण? तेच. शेवटची किंमत करारातच रुपयांत लिहून घ्या. 'मार्केट व्हॅल्यू' हा शब्द दिसला की सही करू नका.

आणि दाद कुठे मागायची? पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचं दार बंद, कारण ही कंपनी रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली एनबीएफसी, म्हणजे बिगर-बँक वित्त कंपनीच नव्हती. (नोंदणी आधी तपासता येते, यादी बँकेच्या संकेतस्थळावर आहे.) ग्राहक आयोगात व्यापारी हेतूचा आक्षेप. पोटापाण्यासाठी स्वतः मशीन चालवणाऱ्याला तिथे सूट आहे, पण दोन ऑपरेटर पगारावर ठेवले की तो बचाव लंगडा पडतो. आरटीओ म्हणतं, फॉर्म ३५ वर कंपनीची सही आणा, तरच नोंद काढू. उरला लवाद. त्याचं ठिकाण करारात दुसऱ्या राज्यातलं, आणि लवाद निवडण्यातही पहिला शब्द कंपनीचा. प्रत्येक खिडकीवर एकच प्रश्न: सही तुमचीच ना?

एजंटच्या तोंडी वचनाला पुरावा हवा. "शेवटच्या हप्त्यानंतर मालकी आपोआप येईल ना?" हे त्याला व्हॉट्सॲपवर विचारा आणि लेखी 'हो' आल्याशिवाय चेक देऊ नका. एचपीचा खरा करार असेल तर शेवटच्या हप्त्यावर, फार तर नाममात्र रकमेवर, मालकी देण्याचं कलम त्यात असतंच. ते कलम कोणत्या पानावर आहे, एवढंच विचारा.