बायक्यूबिक की न्यूरल: जुना फोटो मोठा कशाने करावा?

एका मित्राकडे आजोबांचा एकच स्कॅन आहे, त्यात चेहरा जेमतेम २० पिक्सेल रुंद. चौपट मोठा करायचाय, पण बायक्यूबिक या साध्या गणिती पद्धतीने की न्यूरल म्हणजे एआयच्या पद्धतीने, हे ठरेना.

लांबी आणि रुंदी दोन्ही चौपट, म्हणजे एका पिक्सेलच्या जागी सोळा. माहिती मात्र तेवढीच.

खरेपणा पाहिला तर बायक्यूबिक सरळ आहे. शेजारच्या १६ पिक्सेलांची भारित सरासरी काढतं, नवं काही रचत नाही. म्हणून चित्र धूसर दिसतं. न्यूरल अपस्केलर हजारो चेहऱ्यांवरून शिकलेला असतो, 'असा डाग बहुधा पापणी असतो' असं धरून पापण्या रंगवतो. पण लहान केल्यावर हाच डाग देणारे चेहरे असंख्य असतात, त्यातला एक तो निवडतो. २०२० मध्ये पल्स नावाच्या मॉडेलने ओबामांच्या पिक्सेलित फोटोतून गोरा माणूस काढला होता. गंमत म्हणजे निकाल पुन्हा लहान केला की मूळ फोटोशी जुळतो, त्यामुळे ती तपासणी फसवी.

वेळेत बायक्यूबिक क्षणार्धात, न्यूरल बरं ग्राफिक्स कार्ड नसेल तर फार हळू चालतं.

भिंतीवर लावायला न्यूरल खुशाल वापरा. ओळख पटवायची किंवा नंबरप्लेट वाचायची असेल, तर बायक्यूबिकच, आणि शक्य असल्यास मूळ प्रिंट पुन्हा जास्त डीपीआयवर स्कॅन करा.