जुन्या ग्राहकाला थकबाकीचे पत्र: तीन मसुदे शेजारी ठेवून

इंदूरच्या सांवेर रोडवर पुठ्ठ्याचे छापील बॉक्स तयार करणाऱ्या एका लहान कारखान्याचे हिशेब माझ्याकडे असतात. त्या कारखान्याचा सर्वात जुना ग्राहक म्हणजे शहरातील एक मराठी कुटुंब, ज्यांचा शेव, चिवडा आणि मसाल्यांचा व्यवसाय आहे. पेढी ज्यांनी उभी केली त्यांना कारखान्याचे मालक ‘काका’ म्हणतात. पैशांचा व्यवहार मात्र आता काकांचा मुलगा आणि त्यांचे मुनीमजी पाहतात. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तीन बिले मुदतीबाहेर गेलेली होती आणि मालकांपुढे प्रश्न होता की पत्र कोणत्या भाषेत लिहावे. त्यांनी एक मऊ मसुदा लिहिला, नंतर वैतागून एक कडक मसुदा लिहिला, आणि शेवटी आम्ही दोघांनी बसून तिसरा तयार केला. आकडे आणि बिल क्रमांक ओळख राहू नये म्हणून बदलले आहेत, मांडणी मात्र तीच ठेवली आहे.

पहिला मसुदा असा होता: ‘आदरणीय काका, सप्रेम नमस्कार. आपल्याकडील काही बिले बाकी असल्याचे दिसते. सवडीने पाहावे. आपले संबंध घरचे असल्याने घाई नाही, तरी जमेल तसे पाठवावे ही विनंती.’

दुसरा असा: ‘महोदय, वारंवार आठवण करूनही आपण आमची रक्कम थकवली आहे. सात दिवसांत संपूर्ण रक्कम व्याजासह जमा न केल्यास पुरवठा बंद करण्यात येईल व कायदेशीर कारवाई करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.’

हे दोन मसुदे एकमेकांच्या अगदी विरुद्ध वाटतात, पण दोघांत एकच उणीव आहे: किती रुपये, कोणत्या बिलाचे आणि कोणत्या तारखेपासून बाकी आहेत, हे दोन्हींत कोठेच नाही. पहिले पत्र वाचून काका ते मुलाकडे देतील आणि मुलगा मुनीमजींना ‘बघून घ्या’ म्हणेल. मुनीमजींना त्यातून काहीच बघता येणार नाही, कारण ‘काही बिले’ म्हणजे कोणती हे शोधायचे काम त्यांच्याच माथी आले आहे. दुसरे पत्र वाचून काका दुखावतील, फोन करतील, आणि तो सगळा फोन ‘महोदय’ या शब्दावर आणि जुन्या संबंधांवर खर्च होईल. रक्कम दोन्ही वेळी तिथेच राहील.

तिसऱ्या मसुद्यात नमस्कार पहिल्यासारखाच ठेवला. ज्यांना वर्षानुवर्षे ‘काका’ म्हटले त्यांना एका पत्रात ‘महोदय’ केले की ते पत्र वकिलाने लिहून दिल्यासारखे वाटते. आदर संबोधनात आणि नमस्कारात पुरेसा दिसतो, पैशाच्या वाक्यांत तो पुन्हा मिसळण्याची गरज नसते. त्यानंतरचा मजकूर असा होता:

‘आपल्याकडील पुढील तीन बिलांची ठरलेली ३० दिवसांची मुदत पूर्ण झाली आहे. बिल क्रमांक २१२, दिनांक ५ जुलै, रक्कम ४८,३०० रुपये. यापैकी ३० ऑगस्ट रोजी आलेले २०,००० रुपये जमा धरून बाकी २८,३०० रुपये, मुदत ४ ऑगस्ट. बिल क्रमांक २३१, दिनांक २६ जुलै, बाकी ६१,९५० रुपये, मुदत २५ ऑगस्ट. बिल क्रमांक २४९, दिनांक १८ ऑगस्ट, बाकी ३९,२०० रुपये, मुदत १७ सप्टेंबर. एकूण बाकी १,२९,४५० रुपये.

पहिल्या दोन बिलांचे ९०,२५० रुपये ३० सप्टेंबरपर्यंत आणि तिसऱ्याचे ३९,२०० रुपये १० ऑक्टोबरपर्यंत खात्यावर पाठवावेत, ही विनंती. माल किंवा आकड्याबाबत काही हरकत असल्यास २६ सप्टेंबरपर्यंत कळवावी, म्हणजे आम्ही ती तपासून लगेच दुरुस्त करू. हरकत नसल्यास वरील बाकी मान्य असल्याचे सहीनिशी कळवावे.

दिवाळीच्या बॉक्सची आपली ऑर्डर आमच्याकडे नोंदलेली आहे. त्यासाठीचा कागद आम्हाला रोख पैसे देऊन घ्यावा लागतो, म्हणून ९०,२५० रुपये जमा झाल्यावर ती छपाईला घेऊ.’

यातील वीस हजारांच्या ओळीवर आम्ही सर्वाधिक वेळ दिला. ऑगस्टच्या अखेरीस मुलाने ‘खात्यावर जमा करा’ म्हणून गोल आकड्याची रक्कम पाठवली होती आणि ती कोणत्या बिलापोटी आहे हे सांगितले नव्हते. जुन्या ग्राहकांच्या बाबतीत बहुतेक गोंधळ येथेच होतो: ग्राहकाच्या वहीत ते पैसे नव्या बिलात जमा दिसतात, आपल्या वहीत जुन्या बिलात, आणि तीन महिन्यांनी दोन्ही वह्यांतील आकडे जुळत नाहीत. भारतीय करार कायद्यानुसार पैसे देणारा ते कोणत्या येण्यापोटी आहेत हे सांगू शकतो. त्याने सांगितले नाही आणि परिस्थितीवरूनही ते कळत नसेल, तर घेणाऱ्याला ते कोणत्याही कायदेशीर येण्यात जमा धरता येतात. म्हणून ते सर्वात जुन्या बिलात धरले, पण गुपचूप नव्हे, पत्रात स्पष्ट लिहून. मुनीमजींच्या वहीत वेगळी नोंद असेल तर ती आताच समोर येते.

मऊ आणि कडक मसुद्यांतील खरा फरक तारखेच्या वाक्यात आहे. ‘जमेल तसे’ या शब्दांनी मालकांनी स्वतःच ३० दिवसांची मुदत रद्द केली असती आणि पुढच्या वेळी ‘तुम्हीच म्हणाला होतात’ असे उत्तर ऐकावे लागले असते. ‘सात दिवसांत संपूर्ण रक्कम’ ही मागणी ठाम दिसते, पण पाच दिवसांपूर्वी मुदत संपलेले बिल आणि सात आठवड्यांपूर्वी मुदत संपलेले बिल ती एकाच मापाने मोजते. असे पत्र हाती आले की ग्राहकाला ‘तिसरे बिल तर परवाच संपले’ एवढे धरून सबंध पत्र अन्यायी ठरवता येते. दोन तारखा दिल्या की ही पळवाट राहत नाही, आणि आपणही माणूस पाहून थोडी सवलत दिली हे न सांगता दिसते.

परिणामाच्या वाक्याबाबत माझे मत पक्के आहे: जे आपण खरोखर करणार आहोत आणि जे आपल्या हातात आहे, तेवढेच लिहावे. कारखान्याने या ग्राहकावर कारवाई कधीच केली नसती, आणि ते काकांनाही ठाऊक होते. उलट, दिवाळीचे बॉक्स छपाईला घेणे किंवा न घेणे पूर्णपणे मालकांच्या हातात होते, कागदाचे कारण खरे होते, आणि नमकीनच्या व्यवसायात दिवाळीचे पॅकिंग थांबणे म्हणजे काय हे त्या कुटुंबाला समजावून सांगावे लागत नाही. ‘पुरवठा बंद करण्यात येईल’ ही धमकी ठरते. ‘रक्कम आल्यावर छपाईला घेऊ’ यात तोच परिणाम असूनही वाट मोकळी राहते.

हरकतीसाठी दिलेली तारीख निव्वळ शिष्टाचाराची नाही. पैसे अडण्यामागे कधी कधी खरे कारण असते: छपाईचा रंग फिका आला, दोनशे बॉक्स कमी भरले, किंवा दर वाढल्याचे मुलाला कोणी सांगितले नव्हते. अशी तक्रार असेल आणि पत्रात तिला जागा नसेल, तर ग्राहक ती बोलून न दाखवता पैसे धरून ठेवतो. बाकी सहीनिशी मान्य करून घेण्याचा उपयोगही मोठा आहे. मुदत कायद्यानुसार अशी येणी वसूल करण्यासाठी साधारणपणे तीन वर्षांची मर्यादा असते आणि त्या मर्यादेच्या आत लेखी, सहीची कबुली मिळाल्यास ती मुदत कबुलीच्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. जुन्या संबंधांत हे कागद कोणी मागत नाही, म्हणूनच ते साध्या वाक्यात मागून ठेवावेत.

आता कायद्याचा उल्लेख करावा की नाही. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असलेल्या पुरवठादाराला २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याचे संरक्षण आहे: लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. हे सर्व खरे असले तरी पहिल्या पत्रात व्याजाचा दर लिहू नये, असे मला वाटते. बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक छापलेला असला की मुनीमजींना आणि त्यांच्या सीएला अर्थ कळतो.

आयकराची बाजू वेगळी आहे. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार सूक्ष्म व लघु उद्योगांना मुदतीत न दिलेली रक्कम ग्राहकाला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. ती ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्या वर्षी दाखवता येते. ही तरतूद निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याच्या बिलांना लागू धरली जात नाही, माल तयार करणाऱ्याला मात्र लागू होते. सप्टेंबरमध्ये ग्राहकाला याची निकड वाटत नाही, कारण मार्चअखेरीस अजून वेळ असतो. फेब्रुवारीच्या पत्रात मात्र ‘३१ मार्चपूर्वी हिशेब पूर्ण झाल्यास आपल्या सीएंनाही सोयीचे होईल’ एवढे एक वाक्य पुरते, आणि ते ग्राहकाच्या हिताचे असल्याने बोचतही नाही.

मग निवड कशी करावी? मऊ मसुदा मी फक्त एका प्रसंगी मान्य करीन: बिलाची मुदत संपून आठवडाही झालेला नाही आणि ग्राहक आजवर कधी चुकलेला नाही, तेव्हाही त्यात बिल क्रमांक आणि रक्कम हवीच. कडक मसुद्याची वेळ तिसऱ्या प्रकारचे पत्र देऊन, दिलेल्या दोन्ही तारखा उलटून, फोनलाही उत्तर आले नाही तर येते, आणि तेव्हा ते पत्र रागाने न लिहिता आधीच्या पत्राची तारीख देऊन, वकील किंवा सीएच्या सल्ल्याने लिहावे. मधल्या सर्व प्रसंगी तिसरा मसुदाच योग्य आहे.

पाठवण्याच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट राहिली. पत्र काकांच्या नावे, पण प्रत मुलाला आणि मुनीमजींना ईमेलने, सोबत तिन्ही बिलांच्या प्रती आणि खातेउतारा जोडून पाठवावे. व्हॉट्सअॅपवर फक्त ‘काका, पत्र पाठवले आहे, कृपया पाहावे’ एवढेच कळवावे. आकडे तिथे टाकले की उत्तरही तिथेच, एखाद्या अंगठ्याच्या चिन्हाने येते, आणि मागितलेली सहीची कबुली मिळत नाही.