रेशनचा तांदूळ की बाजारचा उकडा?

आपल्या गोव्यात अनेक घरांत रेशनचा तांदूळ बाजूला ठेवून पेजेसाठी उकडा विकत आणतात. उकड्याची चव खरीच वेगळी, आणि त्यात ब जीवनसत्त्वंही पांढऱ्या तांदळापेक्षा जास्त टिकतात. पण प्रथिनं दोन्हींत सारखीच कमी.

चार माणसांच्या प्राधान्य कार्डावर महिन्याला 20 किलो धान्य फुकट मिळतं. तेवढाच उकडा 50 रुपये किलोने घेतला तर हजार रुपये गेले. त्याच हजारात चार किलो चवळी-मसूर आणि तीसेक अंडी येतात, वर थोडी तांबडी भाजीही. वाढत्या मुलांच्या घरात मी डोळे झाकून हेच निवडेन. फार तर दोन-तीन किलो उकडा पेजेपुरता आणावा.

रेशनचा तांदूळ मात्र दुकानातच पाहून घ्या. मूठभर हातात घेऊन वास घ्या: कुबट वास, गुठळ्या किंवा काळी-हिरवी बुरशी दिसली तर बदलून मागा. नुसते पोरकिडे असतील तर चाळून, निवडून चालतो. धुताना तरंगणारे फिकट दाणे दिसले तर ‘प्लास्टिक’ म्हणून फेकू नका; ते लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळलेले पोषक दाणे असतात, मिसळलेले असतील तर साधारण शंभरात एक. म्हणून भात वेळून पाणी ओतण्यापेक्षा बेताच्या पाण्यात शिजवा.