आठ महिन्यांच्या वापरानंतर: पीसीएम 5102ए बोर्ड, आणि एका बिटाने सरकलेला आवाज

गेल्या नोव्हेंबरमध्ये लॅमिंग्टन रोडवरून साडेतीनशे रुपयांना घेतलेला पीसीएम 5102ए चिपचा डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाज करणारा, बोर्ड मी दादरच्या घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडला. वडिलांच्या कॅसेटवरून संगणकात उतरवलेले नाट्यसंगीत त्यावरून रोज संध्याकाळी वाजत असे. जुलैपर्यंत त्याच्याविषयी माझी एकही तक्रार नव्हती. जुलैत साफसफाई करताना ओढ बसून त्याचा हेडफोनचा जॅक मुळापासून निघाला, म्हणून मी त्याच दुकानातून हुबेहूब तसाच दिसणारा दुसरा बोर्ड आणला. हा अनुभव मुख्यतः त्या दुसऱ्या बोर्डाविषयी आहे.

तारा जशाच्या तशा नव्या बोर्डावर हलवल्या आणि पहिलेच पद लावले, तेव्हा स्पीकरमधून गाण्यावर चढलेला एक प्रचंड खरखराट आला. त्याच्याआड चाल ओळखू येत होती, पण ऐकवत नव्हती. मी ताबडतोब सॉफ्टवेअरमधून आवाज कमी केला. गाणे खाली गेले, खरखराट मात्र तेवढाच राहिला. दोन पदांच्या मधल्या संपूर्ण शांततेत तो एकदम थांबला, आणि पुढच्या पदाचा तानपुरा अगदी हळू सुरू होताच पूर्ण जोराने परत आला. पुढचा सारा उलगडा या तीन लक्षणांतच होता, हे मला चार दिवसांनी कळले.

पहिला संशय मी तारांवर घेतला. बोर्डाकडे आवाज आय-टू-एस या पद्धतीने जातो. ही पद्धत फिलिप्सने 1986 साली एकाच यंत्रातल्या दोन चिपांमधील अंतरासाठी ठरवली, खोलीभर तारा ओढण्यासाठी नव्हे. तिच्यात तीन तारा असतात. बिट क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला डेटाच्या तारेवरून एक बिट जातो, आणि वर्ड क्लॉकची तार चालू असलेला नमुना, म्हणजे ध्वनिलहरीची त्या क्षणाची उंची सांगणारा आकडा, डाव्या बाजूचा की उजव्या बाजूचा हे सांगते. तिच्यावरची व्होल्टेजची पातळी खाली असेल तर डावा, वर असेल तर उजवा. माझ्याकडे 44,100 नमुने प्रतिसेकंद, दोन बाजू आणि प्रत्येक नमुन्याला 32 ठोके अशी मांडणी आहे, म्हणजे बिट क्लॉक सेकंदाला 28,22,400 ठोके देते. इतक्या वेगाच्या तारा वीस सेंटीमीटर लांब ठेवल्या की ठोक्याच्या कडेवर लहर उठते, आणि समोरची चिप क्वचित एका ठोक्याचे दोन मोजते. म्हणून मी तारा सात सेंटीमीटरच्या केल्या. काहीही फरक पडला नाही.

फरक पडणारच नव्हता, हे थोडा विचार केला असता तर आधीच लक्षात आले असते. एखादा ठोका चुकून जास्त मोजला गेला तरी तो नमुना तेवढा बिघडतो. वर्ड क्लॉक पुढच्या वेळी पालटली की चिप पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते. त्यामुळे तारांचा दोष अधूनमधून येणाऱ्या टकटकीसारखा ऐकू येतो. माझा खरखराट सलग होता आणि प्रत्येक वेळी नेमका तसाच होता. असा दोष मोजणीत नसतो, मोजणी कोठून सुरू करायची याविषयीच्या समजुतीत असतो.

दुकानात बोर्ड परत नेला तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी तो त्यांच्या यंत्राला लावून पाहिला. "साहेब, आवाज येतोय ना, मग बोर्ड चालू आहे," असे म्हणून त्यांनी तो बदलून देण्यास नकार दिला. मी त्यांच्याशी बराच वाद घातला. त्या दिवशी मी या बोर्डाला पसंतीचा एकही तारा दिला नसता. रागाच्या भरात घरी येताना मी तारांवरचे बिट पडद्यावर दाखवणारा, सहाशे रुपयांचा आठ वाहिन्यांचा लॉजिक अ‍ॅनालायझर घेतला. साडेतीनशेच्या बोर्डासाठी सहाशे रुपये घालणे मला आजही टोचते, पण त्याच्याशिवाय पुढचे दिसले नसते.

गाण्यात बिट शोधणे अवघड जाते, म्हणून मी दहा सेकंदांची एक चाचणी-फाइल बनवली. तिच्या डाव्या बाजूला सतत उणे 3 आणि उजव्या बाजूला सतत अधिक 3 हेच आकडे ठेवले. हे आकडे 16 बिटांच्या मापाने आहेत; 32 बिटांच्या जागेत ते वरच्या 16 बिटांत बसतात आणि खालचे 16 शून्य राहतात. ऋण आकडे टूज कॉम्प्लिमेंट पद्धतीने लिहिले जातात, त्यामुळे त्यांचा सर्वोच्च बिट 1 असतो आणि उणे 3 पुढीलप्रमाणे दिसतो.

```
1111111111111101 0000000000000000
```

अ‍ॅनालायझरच्या पडद्यावर रास्पबेरी पाय हेच आणि अगदी बरोबर पाठवत असल्याचे दिसले. सर्वोच्च बिट आधी जात होता, पण वर्ड क्लॉक पालटल्या क्षणी नव्हे, तर त्यानंतर एक ठोका जाऊ देऊन. हा एक ठोक्याचा विलंब आय-टू-एसची खूण आहे. बाजू बदलणार हे आधीच्या नमुन्याचा शेवटचा बिट तारेवर असतानाच घोषित होते. त्यामुळे घेणाऱ्या चिपला आलेला नमुना बाजूला ठेवून नव्यासाठी जागा रिकामी करायला, आणि बाहेरच्या क्लॉकवर चालणाऱ्या पाठवणाऱ्या चिपला आपला डेटा वेळेत तयार ठेवायला, एका ठोक्याची उसंत मिळते. सर्वोच्च बिट आधी पाठवण्यामागचे कारणही असेच व्यवहारी आहे. पाठवणाऱ्याकडे 32 बिट आणि घेणाऱ्याकडे 24 असतील, तर घेणारा शेवटचे आठ सोडून देतो आणि मोठ्या किमतीचे सारे बिट त्याच्या हाती राहतात. त्यामुळे एकाने दुसऱ्याची लांबी विचारण्याची गरज पडत नाही.

परंतु याच साधेपणात एक उणीव आहे. या तीन तारांवर मांडणी कोणती आहे हे सांगणारे काहीच जात नाही, आणि चूक तपासणारेही काही नसते. तशाच तीन तारांवर चालणारी दुसरी एक मांडणी आहे, तिला लेफ्ट-जस्टिफाइड म्हणतात. तिच्यात सर्वोच्च बिट वर्ड क्लॉक पालटताच सुरू होतो, मधे ठोका सोडला जात नाही, आणि डाव्या बाजूला वर्ड क्लॉक वर असते. पीसीएम 5102ए दोन्ही मांडण्या समजते. त्यांपैकी कोणती वापरायची हे चिपच्या एफएमटी या पायावर, म्हणजे पिनवर, ठरते: खाली जोडला तर आय-टू-एस, वर जोडला तर लेफ्ट-जस्टिफाइड.

माझी चिप लेफ्ट-जस्टिफाइड समजून वाचत असेल तर उणे 3 चे काय होईल, हे मी कागदावर मांडले. ती एक ठोका आधी वाचायला लागेल, म्हणजे तिला पहिला बिट आधीच्या नमुन्याच्या शेपटातला शून्य मिळेल आणि बाकीचे सारे एक घर उजवीकडे सरकतील.

```
0111111111111110 1000000000000000
```

हा आकडा उणे 3 राहिला नाही. तो जवळपास अधिक 32,767 आहे, म्हणजे या मापात मावणारा सर्वांत मोठा धन आकडा. अधिक 3 मात्र नुसता निम्मा होऊन दीड होतो. म्हणजे धन नमुने अर्धे होतात, आणि ऋण नमुना जितका लहान तितका तो वरच्या टोकाजवळ फेकला जातो. तानपुऱ्याची मंद लहर शून्याच्या खाली जरा गेली की स्पीकरचा पडदा एका टोकाला ढकलला जातो, वर आली की परत येतो. आवाज कमी करून लहर कितीही लहान केली तरी तिची चिन्हे पालटतच राहतात, म्हणून खरखराट कमी होत नाही. संपूर्ण शांततेत सारे नमुने शून्य असतात, ऋण कोणीच नसतो, म्हणून तेथे तो थांबतो. तिन्ही लक्षणांचा हिशेब लागला.

त्यानंतर स्पीकर काढून ठेवून मी चाचणी-फाइल वाजवली आणि मल्टिमीटर बोर्डाच्या बाहेर जाणाऱ्या टोकांवर लावला. स्पीकर काढणे येथे आवश्यक आहे, कारण या चिपच्या बाहेर स्थिर व्होल्टेज अडवणारा कपॅसिटर नसतो. डाव्या टोकावर जवळपास काहीच आले नाही. उजव्या टोकावर सुमारे 3 व्होल्ट आले, म्हणजे या चिपची कमाल पातळी. उणे 3 तर मी डाव्या बाजूला पाठवला होता. म्हणजे नमुना सरकला होताच, बाजूही उलटल्या होत्या, आणि वर्ड क्लॉकचा उलटा अर्थ लावणाऱ्या लेफ्ट-जस्टिफाइड मांडणीत नेमके हेच घडते. माझी बहुतेक ध्वनिमुद्रणे मोनो असल्यामुळे ही अदलाबदल कानाला कधीच कळली नसती.

बोर्ड पालथा केल्यावर कारण समोरच होते. मागे सोल्डरच्या चार जोडण्या असतात. जुन्या बोर्डावर तिसरी, म्हणजे आवाज बंद करणाऱ्या पायाची, वर होती आणि बाकीच्या तिन्ही खाली. नव्या बोर्डावर चौथीही वर होती, आणि चौथी एफएमटीची आहे. सोल्डरिंग आयर्नने तो थेंब उचलून खालच्या बाजूला लावायला दोन मिनिटे लागली. फाइल पुन्हा वाजवली तेव्हा दोन्ही टोकांवर मीटर शून्याजवळच राहिला, आणि स्पीकर जोडून तानपुरा लावला तेव्हा तो स्वच्छ आला.

येथे माझे मत बदलले. चिप निर्दोष आहे, आणि दुकानातल्या गृहस्थांचे म्हणणेही अर्धे खरे होते. पण "आवाज येतो" ही या बोर्डाची तपासणी होऊ शकत नाही, आणि दोन वेगळ्या जोडण्यांचे बोर्ड एकाच पिशवीतून, कोणतीही खूण नसताना विकणे मला मान्य नाही. जोडणी कशी आहे हे दोन शब्दांत छापले असते, तर माझे चार दिवस आणि सहाशे रुपये वाचले असते. चार तारे मी चिपला देतो, बोर्डाला दोन.

तुमच्याकडे याच्या उलट घडत असेल, म्हणजे मंद भाग स्वच्छ पण नेहमीपेक्षा मोठे ऐकू येतात आणि फक्त तार सप्तकातल्या जोरकस ताना फाटतात, तर पाठवणारा लेफ्ट-जस्टिफाइड आहे आणि बोर्ड आय-टू-एस. तेव्हा सर्वोच्च बिट गळतो आणि बाकीचे डावीकडे सरकून आकडा दुप्पट होतो. निम्म्या पातळीपर्यंत तो मावतो, त्यापुढे चिन्ह उलटते. तशा वेळी बोर्डाला हात लावण्याआधी पाठवणाऱ्या बाजूची मांडणी पाहावी.

शनिवारी मी दुरुस्त केलेला बोर्ड आणि कागदावरची ती दोन ओळींची मांडणी घेऊन दुकानात गेलो. गृहस्थांनी ती शांतपणे पाहिली, खणातून त्याच खेपेचे आणखी सहा बोर्ड काढून पालथे केले, आणि त्यांतल्या चारांची चौथी जोडणी वर निघाली.