सहा पॅनेलची एक रांग: अँगल किती, बेस किती, आणि अकरा महिन्यांनी काय दिसतंय

बेळगावात शहापूर भागात आमचं जुनं घर आहे. वर पाच इंची स्लॅब. गेल्या नोव्हेंबरात त्यावर ५५० वॅटची सहा सोलर पॅनेल बसवली. वीज किती होते, बिल किती आलं यावर सगळेच लिहितात. मी खालच्या सांगाड्यावर लिहितोय, कारण माझे पैसे दोनदा गेले ते तिथेच.

फॅब्रिकेटर उद्यमबागचा, हाताने चांगला. त्याला पॅनेलची संख्या सांगितली आणि त्याने उभ्या उभ्याच हिशेब दिला. "काका, पॅनेलामागं एक मीटर धरायचं. सहा पॅनेल, सहा मीटर. अँगल सहा मीटरचाच येतोय, दोन अख्खे आडवे टाकू. दोन पॅनेलाला पायांची एक जोडी, म्हंजे तीन जोड्या, खाली काँक्रीटचे सहा बेस." हिशेब इतका सुटसुटीत की शंकाच आली नाही.

हा हिशेब मुळात खोटा नव्हता, जुना होता. आधीची ३३० वॅटची पॅनेल साधारण ९९२ मिमी रुंद असायची. तशी सहा शेजारी शेजारी लावली की मधल्या फटींसकट सहा मीटरच्या आसपास बसायची आणि अँगल न जोडता काम व्हायचं. आताची ५५० वॅटची पॅनेल १,१३४ मिमी रुंद आणि जवळपास २,२८० मिमी लांब आहेत. रांगेची लांबी काढायची रीत अशी: पॅनेल गुणिले रुंदी, अधिक मधल्या क्लॅम्पसाठी प्रत्येक फटीला २० मिमी, अधिक दोन्ही टोकांच्या क्लॅम्पना ५०-५० मिमी.

```
६ × ११३४ + ५ × २० + १०० = ७००४ मिमी
```

म्हणजे सात मीटर. अँगल सहाचा. सहावं पॅनेल ठेवायला जागाच उरली नाही, ते जिन्यात उभं राहिलं. तीन आठवडे पाच पॅनेलवर घर चाललं.

त्या तीन आठवड्यांत दुसरी गोष्ट दिसली. संध्याकाळी कठड्यावरून रांगेकडे आडवं बघितलं की वरची कड सरळ वाटेना. गवंड्याकडून लाईनदोरी आणली, आडव्या अँगलच्या एका पायापासून पुढच्या पायापर्यंत ताणून बांधली. मध्यावर सहा-सात मिमी फट. अँगल ४०×४०×५ चा होता आणि पायांमधलं अंतर तीन मीटर. सहा मिमीने पॅनेल फुटत नाही, पण नुसत्या वजनाने एवढा वाकणारा अँगल वाऱ्याने वर ओढल्यावर काय करेल, याची धास्ती बसली. दोन पायांतलं अंतर दीडपट झालं की बाक दीडपट होत नाही, तो पाचपट होतो. अँगलमधला ताण सव्वादोन पट होतो. म्हणून पायांच्या जोड्यांमधलं अंतर हेच इथलं मुख्य माप. पॅनेल मोजून जोड्या ठरवायच्या नाहीत, लांबी मोजून ठरवायच्या.

माझा भाचा स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. त्याने नव्याने आखून दिलं ते असं. सात मीटरमधून दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर अँगल पायाबाहेर मोकळा सोडायचा. उरले सहा मीटर. दोन पायांत दोन मीटरच्या आसपासच अंतर ठेवायचं, म्हणजे तीन गाळे, चार जोड्या, आठ बेस. आडवे अँगल ५०×५०×५ चे. पाय आणि पुढचा-मागचा पाय जोडणारे तिरपे अँगलही तेच.

आता जोडाचा प्रश्न. सहा मीटरच्या अँगलला एक मीटरचा तुकडा जोडायचाच होता, पण कुठे? पहिल्याने तर जोड मधोमध घेऊया म्हणत फॅब्रिकेटर तयारच होता, दिसायला बरं दिसतं म्हणून. भाच्याने नकार दिला. गाळ्याच्या मध्यावर आणि थेट पायावर अँगलवर सर्वांत जास्त जोर येतो, पायापासून गाळ्याच्या पाव अंतरावर तो कमी असतो. आमचे पाय ०.५, २.५, ४.५ आणि ६.५ मीटरवर. अख्खा अँगल डावीकडून टाकला की जोड सहा मीटरवर येतो, शेवटच्या पायापासून बरोबर अर्ध्या मीटरवर, म्हणजे पाव गाळ्यावर. आयतंच जमलं. दुसरा अँगल उजवीकडून टाकला, म्हणजे दोन्ही जोड एका रेषेत आले नाहीत. जोडावर आतून ३०० मिमीचा अँगलचा तुकडा आणि चार बोल्ट.

तिरपा अँगल १.६ मीटरचा. बेळगाव साधारण १६ अंश अक्षांशावर, म्हणून उतार १५ अंश. पुढचा आणि मागचा पाय तिरप्या अँगलवर १.४ मीटर अंतरावर धरले, तर मागचा पाय पुढच्यापेक्षा ३६२ मिमी उंच येतो. पुढचा ४५० मिमी, मागचा ८१२. आडव्या दोन अँगलमधलं अंतर मात्र आपल्या मनाने ठरवायचं नाही. क्लॅम्पची पकड पॅनेलच्या कडेवर कुठून कुठपर्यंत चालते ते माहितीपत्रकात दिलेलं असतं. आमच्यासाठी १,३०० मिमी बसलं.

खरेदी अशी झाली: ५०×५०×५ चे पाच अँगल आणि पायांना तिरका आधार देणाऱ्या ताणांसाठी ४०×४०×५ चे दोन. नुसती लांबी जोडली तर मोठ्या अँगलची गरज २६ मीटर येते, आणि २६ भागिले ६ म्हणजे साडेचारच्या आत. पण अँगल तुकड्यांत कापायचा असतो. आधी कागदावर सहा-सहा मीटरच्या पट्ट्या काढून तुकडे बसवून बघा. तिसऱ्या अँगलमधून आडव्याचे एक-एक मीटरचे दोन तुकडे, दोन तिरपे, एक पुढचा पाय आणि एक जोडतुकडा निघाला, भंगारात बोटभरच गेलं. सगळा लोखंडी सांगाडा तयार झाल्यावर साधारण १३० किलो.

आता बेस. पहिल्या वेळी एक फुटाचे घन ओतले होते, ३०० मिमी प्रत्येक बाजू. काँक्रीट घनमीटरला २,४०० किलो धरलं तर असा एक बेस ६५ किलोचा. हाताने हलत नाही म्हणून भक्कम वाटतो. निपाणीला माझ्या साडूकडे असेच बेस आहेत, स्लॅबवर नुसते ठेवलेले. गेल्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात मागची रांग दोन बोटं सरकली. बेस कोरडे असताना स्लॅबवर त्यांच्या जागेचा फिका चौकोन उघडा पडला होता, म्हणून कळलं. नाहीतर पुढच्या वर्षापर्यंत कुणी बघितलंही नसतं.

वाऱ्याचं गणित मी इथे सोपं करून सांगतो. भारतीय मानकाच्या नकाशात वाऱ्याचा सर्वांत कमी वेग सेकंदाला ३३ मीटर आहे, म्हणजे ताशी सुमारे १२० किलोमीटर. त्याच्या खाली कुणालाच जाता येत नाही. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की दाब मिळतो, चौरस मीटरला ६५३ न्यूटन. सहा पॅनेलचं क्षेत्रफळ साडेपंधरा चौरस मीटर. तेवढाच दाब वर ओढणारा धरला तर ओढ सुमारे १,०३० किलो वजनाएवढी होते. सुरक्षेसाठी दीडपट घेतली की १,५५० किलो. त्यातून पॅनेलचे १६८ आणि लोखंडाचे १३० किलो वजा करा. उरलेले १,२५० किलो आठ बेसनी धरून ठेवायचे, म्हणजे प्रत्येकी १५६ किलो. सर्वांत कमी वेग धरूनही एक फुटाचा बेस निम्म्यालासुद्धा पुरत नाही. गच्चीच्या कोपऱ्यात ओढ याहून वाढते, त्यामुळे आमची रांग कठड्यापासून मीटरभर आत घेतली. उंच इमारत किंवा उघड्या माळावरचं घर असेल तर हे आकडे पुरणार नाहीत, इंजिनिअरकडून काढून घ्या.

आम्ही ४५०×४५०×३५० मिमीचे बेस ओतले, प्रत्येकी १७० किलो. सिमेंट, वाळू, खडी १ : १.५ : ३, पाच पोती सिमेंट लागलं. स्लॅबला भोक पाडलं नाही, कारण आमच्याकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे ते वॉटरप्रूफिंगला हात लावू देत नाहीत. ओतण्याआधी बेसच्या जागेपुरती टाकीने खरवड केली, धूळ झाडली, सिमेंटचा घोळ लावला. मागची रांग तुळईवर आली. पुढची स्लॅबवर येत होती, तिथे भाच्याने जुना नकाशा बघूनच होकार दिला. आठ बेस म्हणजे गच्चीवर १,३६० किलो नवं वजन, हे विसरून चालत नाही.

बेसचे माथे लेव्हल पाईपने एका पातळीत घेतले, हे मला सर्वांत आवडलेलं काम. आमच्या स्लॅबला नळीकडे उतार आहे. सात मीटरमध्ये जवळपास ५० मिमीचा फरक निघाला. बेस सारख्या उंचीचे ओतले असते तर चारही जोड्यांचे पाय वेगवेगळ्या लांबीचे कापावे लागले असते. गवंड्याने एका टोकाला बेस थोडे जाड ओतले, पाय सगळे सारखे राहिले. जे-बोल्ट मात्र पत्र्याच्या फर्म्यात धरूनच ओता, नाहीतर बेसप्लेटची भोकं जुळत नाहीत आणि मग गच्चीवर गॅस कटर येतो.

अकरा महिन्यांनंतर: वळीव दोनदा जोराचा आला, जून ते सप्टेंबर नेहमीचा पाऊस. बेसच्या कडेने पेन्सिलीच्या रेघा मारून ठेवल्या होत्या, एकही हललेला नाही. लाईनदोरीला आता एक-दीड मिमीच फट लागते. मे महिन्यानंतर पाना लावून बघितलं तर मधले दोन क्लॅम्प किंचित सैल होते, ते घट्ट केले.

बिघडलंय ते दोन ठिकाणी. एका ताणाला भोक जुळेना म्हणून फॅब्रिकेटरने माझ्या नकळत गच्चीवर वेल्डिंग मारलं आणि वर चंदेरी रंग फासला. बाकी अँगल गॅल्वनाइज्ड आहेत, त्यांवर एकही डाग नाही. त्या वेल्डिंगवर ऑगस्टमध्येच तांबडं ओघळ आलं. वेल्डिंगने जस्त जळतं, रंगाने ते परत येत नाही. दुसरी चूक माझी. पुढच्या रांगेतला एक बेस पाण्याच्या वाटेत आला. पावसात तिथे साचतं, शेवाळ धरलंय. बेस आखायच्या आधी गच्चीवर दोन बादल्या पाणी ओतून ते कुठून वाहतं ते बघितलं असतं तर बेस नऊ इंच सरकवता आला असता.

काढलेले एक फुटी बेस वाया गेले नाहीत. त्यातल्या चारांवर सौभाग्यवतींच्या कुंड्या आहेत.

परवा शेजारच्यांनी आठ पॅनेलचा हिशेब मागितला. लांबी ९,३१२ मिमी येते. टोकांना अर्धा-अर्धा मीटर सोडला तर ८.३ मीटर उरतात आणि दोन मीटरचा नियम घट्ट धरला तर पाच गाळे, बारा बेस. टोकांना ५५० मिमी सोडून गाळे २.०५ मीटरचे केले की चार गाळ्यांत, पाच जोड्यांत, दहा बेसवर भागतं. जोडासाठी अख्खा अँगल टाकू नका, ५.१५ मीटरवर कापा, म्हणजे जोड मधल्या पायापासून अर्ध्या मीटरवर पडेल. कापून उरलेल्या ८५ सेंटीमीटरच्या तुकड्यातून मागचा एक पाय निघतो, आणि दुसऱ्या अँगलच्या १.८४ मीटरमधून एक तिरपा.