एआय डिटेक्टर सात महिने वापरला, आता त्या लाल गोलाबद्दल थोडं

वर्षाचे ४,८०० रुपये स्वतःच्या खिशातून भरलेत, कॉलेजने दमडी दिलेली नाही, त्यामुळे थोडं तिरकस लिहिलं जाईल. टूलचं नाव देत नाही, कारण प्रश्न एका टूलचा नाहीये.

मी एस.वाय. बी.कॉम.ला इंग्रजी शिकवतो, वर्गात ६० पोरं, बरीचशी मराठी माध्यमातली. पहिले दोन महिने मी या टूलवर खूश होतो. निबंध पेस्ट करा, गोल येतो, माणसाने लिहिलेला वाटला तर हिरवा, एआयने लिहिलेला वाटला तर लाल, मधे टक्के. नोव्हेंबरात एका मुलीच्या असाइनमेंटवर लाल गोल, ८७ टक्के. बोलावून झापलं. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. तीन पानं खाडाखोड, समासात मराठी शब्द आणि त्यापुढे डिक्शनरीतून काढलेले अर्थ, एक उदाहरण लिहून खोडलेलं. ते का खोडलं विचारलं तर तेही नीट सांगितलं. मला बसल्या जागी घाम फुटला.

मग सपोर्टला एकच प्रश्न विचारला, ८७ टक्के म्हणजे नक्की काय? ८७ टक्के मजकूर मशीनचा, की अख्खा निबंध मशीनचा असण्याची शक्यता ८७? अकरा दिवस आणि तीन मेल गेले, मग उत्तर आलं की दुसरं. अरे मग ते गोलाखाली लिहा ना! स्टाफरूममध्ये आम्ही सगळे पहिलं समजत होतो. टर्निटिन या दुसऱ्या डिटेक्टरमध्ये टक्के म्हणजे मजकुराचा वाटा असतो, म्हणजे दोन टूलचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यातही अर्थ नाही. आणि ही "शक्यता" टूलने त्याला शिकवलेल्या मजकुरावरून काढलेली, माझ्या वर्गात कॉपी करणारे किती आहेत हे त्याला काय माहीत.

म्हणून मी मेलमधून २०१८-१९ च्या असाइनमेंट उकरून काढल्या. चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे या शंभर टक्के माणसांनीच लिहिलेल्या. ४० निबंध टाकले (महिन्याचे अर्धे क्रेडिट यातच गेले, त्याचा राग वेगळा), त्यातले ६ लाल. म्हणजे शंभरात पंधरा. आता वर्गाचा हिशोब करा. समजा ६० पैकी १० जणांनी एआयकडून लिहून घेतलं आणि टूलने त्यातले ८ पकडले. उरलेले ५० प्रामाणिक, त्यांच्यातले पंधरा टक्के म्हणजे सात-आठ जण लाल. पंधरा-सोळा लाल गोलांत निम्मे निर्दोष. ४० हा नमुना तसा छोटाच आहे, पण साइटवरच्या "९९ टक्के अचूक"पेक्षा मला तो जवळचा, कारण तो माझ्याच पोरांचा आहे.

ते सहा निबंध परत वाचले तेव्हा कारण कळलं. सगळे गाईडमधून पाठ केलेले, त्याच ठरलेल्या सुरुवाती, साधी छोटी वाक्यं. ही टूलं बऱ्याच अंशी पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो ते बघतात, आणि मोजक्या शब्दांत घाबरत इंग्रजी लिहिणाऱ्याचा पुढचा शब्द कुणालाही ओळखता येतो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी टोफेलचे, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेचे, ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले, सरासरी ६१ टक्के मशीनचे ठरवले गेले, आणि अमेरिकन आठवीच्या मुलांचे मात्र जवळपास सगळे सुटले. खुद्द ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केला.

तेव्हा सबस्क्रिप्शन रद्दच करणार होतो (रिफंड नाही म्हणाले). पण मत थोडं बदललंय. आता लाल आला की आधी शब्द मोजतो, ३०० च्या खाली असेल तर निकाल बघतच नाही. मग प्रश्न, संदर्भयादी, कंपनी कायद्याच्या व्याख्या असं सगळ्यांचं सारखंच असणारं काढून परत टाकतो, एकदा ८१ चे ३४ झाले होते. मग त्याच पोराचा वर्गात हाताने लिहिलेला पेपर शेजारी ठेवतो. फरक खूपच वाटला तर गुगल डॉक्सची व्हर्जन हिस्टरी दाखव म्हणतो, चार दिवस थोडं थोडं लिहिलंय की रात्री पावणेबाराला एका फटक्यात पेस्ट झालंय. (व्हॉट्सअॅपवर टाइप करून पेस्ट करणारी पोरंही आहेत हां, म्हणून एवढ्यावरही थांबत नाही.) शेवटी दहा मिनिटं समोर बसवून त्यातलाच एखादा मुद्दा विचारतो. एवढ्यात खरे दोघं सापडले, दोघांनी स्वतःच कबूल केलं, आणि त्यातल्या एकाचा गोल हिरवा होता, ९ टक्के! त्याने शब्द बदलून देणाऱ्या दुसऱ्या साइटमधून काढलं होतं. आणि असलं शब्द बदलून देणारं टूल माझीच कंपनी वेगळ्या प्लॅनमध्ये विकते, महिना ३९९. दोन्हीकडून पैसे.

ऑटो-रिन्यूअल बंद केलंय, ते बटण सेटिंग्जमध्ये बिलिंगच्या आत तिसऱ्या पानावर लपवलंय. मार्चपर्यंतचे क्रेडिट उरलेत, त्यात २०१७ ची बॅच तपासून घेतो.